रिपीटचा निर्णय उत्तरपत्रिकेतून घ्या

नीटचा निकाल जूनच्या मध्यावर लागतो आणि त्यानंतरच्या आठवडाभरात सातारा-सांगलीतल्या बहुतेक घरांत निर्णय होऊन गेलेला असतो. एमबीबीएस मिळत नाही असं दिसलं की पोराला रिपीटला टाकायचं. कुठं टाकायचं एवढंच काय ते ठरायचं राहतं. लातूर, पुणे की इथलंच सांगली-कराड? क्लासवाल्यांचा फोन येतो, बॅच भरत आली म्हणून सांगतात, पहिला हप्ता जातो. या सगळ्यात मुलानं परीक्षेत नेमकं काय केलं हे कुणीच पाहिलेलं नसतं. घरात फिरत असतो तो एकच आकडा, ७२० पैकी किती.

हा आकडा निर्णयासाठी अपुरा आहे. पुन्हा एक वर्ष द्यावं की नाही हे उत्तरपत्रिका वाचून ठरतं, आणि ते काम घरबसल्या दोन दिवसांत होतं. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. रिपीट करायचं ठरलं तरी पॅरामेडिकलचे, फिजिओथेरपीचे, नर्सिंगचे रस्ते त्याच वेळी उघडे ठेवता येतात. आपल्याकडे मात्र एक रस्ता धरला की दुसरा बंद, अशी समजूत आहे. त्यामुळे ऑक्टोबरात जे उरलं ते घ्यायची वेळ येते आणि मग ‘पॅरामेडिकलला काही अर्थ नाही’ असा शेरा मारायला आपण मोकळे.

आधी गुणांचा घोळ. नीटचे गुण एका वर्षाचे दुसऱ्या वर्षाशी जुळत नाहीत. खुल्या गटासाठी पात्रतेची रेषा, म्हणजे पन्नासावं पर्सेंटाइल, २०२२ ला ११७ गुणांवर होती, २०२३ ला १३७ वर, २०२४ ला १६२ वर आणि २०२५ ला पुन्हा खाली १४४ वर. २०२४ ला ७२० पैकी ७२० मिळवणारी मुलं होती, २०२५ ला पहिल्या आलेल्या मुलाचे गुण ६८६. तेव्हा ‘आमच्या भाच्याला एवढ्यावर मिरज मिळालं होतं’ या वाक्याला वर्ष जोडल्याशिवाय अर्थ नाही. तुलना करायची ती रँकची. राज्याचा सीईटी कक्ष प्रत्येक फेरीनंतर निवडयादी जाहीर करतो. त्यात विद्यार्थ्याचा अखिल भारतीय क्रमांक, प्रवर्ग आणि मिळालेलं कॉलेज असतं. मागच्या वर्षीच्या शेवटच्या फेरीची यादी उघडायची, आपल्या प्रवर्गातला शासकीय एमबीबीएसचा शेवटचा क्रमांक शोधायचा आणि आपण त्याच्यापासून किती दूर आहोत ते पाहायचं. पहिल्या फेरीची यादी पाहून घाबरण्यात किंवा हुरळून जाण्यात अर्थ नाही, कारण पुढच्या फेऱ्यांत रेषा सरकते. राज्याच्या ८५ टक्के कोट्यातून आपण लढतो आहोत की देशाच्या १५ टक्क्यांतून, हेही वेगळं पाहायचं. २०२० पासून विभागवार ७०:३० ची वाटणी राहिलेली नाही. त्यामुळे सातारच्या किंवा मिरजेच्या शासकीय कॉलेजात ‘आपल्या भागातल्या मुलांना’ वेगळं झुकतं माप नाही.

अंतर कळलं की दुसरं काम. निकालाच्या आधी एनटीए संकेतस्थळावर ओएमआरची स्कॅन प्रत आणि उत्तरसूची टाकते. ती त्याच दिवशी उतरवून ठेवावी, कारण ती तिथं कायम राहत नाही. प्रश्नपुस्तिका तर मूल परीक्षेहून घरी घेऊनच येतं. या तीन कागदांवर पुढचं सगळं उभं आहे, आणि बऱ्याच घरांत ती पुस्तिका जूनपर्यंत रद्दीत गेलेली असते.

एक उदाहरण घेऊ. समजा तासगाव तालुक्यातली एक मुलगी आहे, तिला ४०६ गुण आहेत. २०२५ पासून पेपर १८० प्रश्नांचा, तीन तासांचा आणि सगळे प्रश्न सक्तीचे असा आहे. भौतिक ४५, रसायन ४५, जीवशास्त्र ९०. बरोबरला चार, चुकलं तर वजा एक. तिची पत्रिका मोजली तर भौतिकशास्त्रात १४ बरोबर, १६ चूक, १५ सोडलेले, म्हणजे ४० गुण. रसायनात २६ बरोबर, ११ चूक, ८ सोडलेले, म्हणजे ९३. जीवशास्त्रात ७२ बरोबर, १५ चूक, ३ सोडलेले, म्हणजे २७३. समजा तिच्या प्रवर्गातली शेवटची शासकीय जागा त्याच पेपरला ५०० च्या आसपास गेली. म्हणजे तिला साधारण ९५ गुण कमी पडले.

हे ९५ गुण कुठून येणार? चुकलेला प्रश्न बरोबर आला तर पाच गुणांचा फरक पडतो, सोडलेला बरोबर आला तर चारचा. जीवशास्त्रात तिच्याकडं फारसं शिल्लक नाही. तिथले १५ चुकलेले प्रश्न पाठ्यपुस्तक पुन्हा नीट वाचून कमी होतील, पण सगळे होणार नाहीत. खरी जागा भौतिकशास्त्रात आहे. तिथं ३१ प्रश्न तिच्या हातून गेलेत. त्यातले आठ चुकलेले आणि आठ सोडलेले बरोबर आले तर ७२ गुण वाढतात. रसायनात चार चुकलेले आणि एक सोडलेला सुधारला तर आणखी २४. बेरीज ५०२. कागदावर हे सोपं दिसतं. पण त्याचा अर्थ असा की भौतिकशास्त्रात १४ बरोबर उत्तरांवरून ३० वर जायचं, दुपटीहून जास्त. ‘थोडक्यात हुकलं’ हे वाक्य इथं लागू पडत नाही.

आता ते शक्य आहे का, हे कळण्यासाठी एक चाचणी आहे. सोडलेले आणि चुकलेले ३१ प्रश्न तिनं पुन्हा सोडवायचे, घड्याळ न लावता, पुस्तक न उघडता, आणि मुख्य म्हणजे युट्यूबवर त्या पेपरची उत्तरं पाहायच्या आधी. एकदा उत्तर पाहिलं की ‘हे मला येतच होतं’ असं प्रत्येकाला वाटतं आणि चाचणी वाया जाते. ३१ पैकी सोळा-सतरा प्रश्न तिला शांतपणे सुटले तर तिचा प्रश्न वेगाचा, सरावाचा, परीक्षेतल्या घाईचा आहे. तो एका वर्षात सुटतो. आणि पाच-सहाच सुटले तर मुळात विषयच शिकायचा राहून गेला आहे. मग ते वर्ष रिव्हिजनचं नसतं, अकरावी आणि बारावी दोन्हींचं भौतिकशास्त्र पहिल्यापासून शिकण्याचं असतं, तेही जुलै ते एप्रिल या दहा महिन्यांत, रसायन आणि जीवशास्त्र सांभाळून.

आपल्याकडच्या मुलांच्या पत्रिकेत हा दुसरा प्रकार का सापडतो त्याला कारण आहे. राज्य मंडळाची बारावीची परीक्षा फक्त बारावीच्या अभ्यासक्रमावर होते. नीटमध्ये अकरावीही तेवढीच असते. अकरावीचं वर्ष ‘टायअप’वाल्या कॉलेजात हजेरीपुरतं गेलेलं असतं, गतीचे नियम, कार्य-ऊर्जा, गुरुत्वाकर्षण हे धडे महिन्याभरात उरकलेले असतात. पुढं बारावीतलं विद्युत आणि चुंबकत्व त्याच पायावर उभं असतं, तेही मग डळमळतं. रिपीटर बॅचमध्ये मात्र वेग असा धरतात की जणू सगळ्यांचं एकदा शिकून झालेलं आहे. ज्याला शिकायचं आहे त्याला सरावाच्या बॅचमध्ये बसवलं तर पुढच्या मेमध्ये गुण दहा-वीसनं वाढतात आणि घरचे म्हणतात, पोरानं मेहनत घेतली नाही.

तुक्क्यांबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. ‘निगेटिव्हनं मारलं’ असं बरीच मुलं सांगतात. चार पर्यायांतून अगदी डोळे मिटून खूण केली तरी सरासरी एका प्रश्नामागं पाव गुणाचा फायदाच होतो, तोटा नाही. तेव्हा दहा तुक्के चुकले म्हणून वर्ष गेलं असं नसतं. दोन पर्यायांत अडकून चुकलेला प्रश्न वेगळा, तो संकल्पना अर्धवट असल्याची खूण असतो. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढं लिहायचं: आलंच नव्हतं, अर्धवट येत होतं, की येत असून आकडेमोड चुकली. प्रश्नपुस्तिकेतलं कच्चं काम पाहिलं की हे लपत नाही. तिसरा प्रकार जास्त असलेल्या मुलाला मी बेधडक रिपीट करायला सांगेन. पहिला प्रकार जास्त असेल तर क्लास बदलून भागणार नाही.

मधल्या मुलांचं काय? ज्यांना त्या चाचणीत दहा-बारा प्रश्न सुटले, त्यांचं उत्तर जूनमध्ये मिळत नाही. त्यांनी जुलैत अभ्यास सुरू करावा आणि सप्टेंबरअखेर, मागच्या वर्षांचे कधीही न सोडवलेले तीन पूर्ण पेपर तीन तासांची वेळ लावून द्यावेत. क्लासच्या टेस्टचे गुण धरू नयेत, कारण त्या टेस्ट नुकत्याच शिकवलेल्या धड्यांवर असतात. तीनही पेपरांत भौतिकशास्त्र हललेलं नसेल तर ते ऑक्टोबरातच मान्य करावं. कारण ऑक्टोबरात राज्याच्या प्रवेशफेऱ्या बहुधा अजून चालू असतात. पण त्यांचा उपयोग होण्यासाठी जुलैत नोंदणी केलेली असावी लागते, आणि रिपीटला बसलेली मुलं नेमकी तीच करत नाहीत.

नीटच्या गुणांवर फक्त एमबीबीएस आणि बीडीएस होत नाही. बीएएमएस, बीएचएमएस त्याच गुणांवर होतात. महाराष्ट्रात फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वाचा-श्रवणोपचार, कृत्रिम अवयव या पदव्यांचे प्रवेशही सीईटी कक्षाच्या त्याच प्रक्रियेतून, नीटवरून होतात. नोंदणीची खिडकी काही दिवसांचीच असते. ‘यंदा रिपीटच करायचंय’ म्हणून ती सोडली की वर्षभरासाठी हे सगळं हातचं जातं. नोंदणी करून जागा न घेणं चालतं. मात्र कोणत्या फेरीपर्यंत जागा नाकारता येते आणि कुठल्या फेरीपासून अनामत जप्त होते, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचूनच पसंतिक्रम भरावा. केंद्रीय प्रक्रियेत, म्हणजे एमसीसीकडं, पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर तोटा नाही, पुढं आहे. अभिमत विद्यापीठासाठी तिथं दोन लाखांची अनामत आधी भरावी लागते. कराडचं कृष्णा किंवा सांगलीचं भारती विद्यापीठ यांच्या एमबीबीएसच्या जागा त्या प्रक्रियेत येतात. जाण्याची इच्छा नसलेलं कॉलेज ‘यादी लांब दिसावी’ म्हणून भरणं म्हणजे अनामत धोक्यात घालणं.

नर्सिंगची गोष्ट वेगळी आणि जास्त दुखरी. बीएस्सी नर्सिंगसाठी राज्याची स्वतंत्र सीईटी आहे. तिचा फॉर्म नीटच्या निकालाच्या कितीतरी आधी, वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत भरायचा असतो. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल असा तिचा साधा पेपर, नीटचा अभ्यास केलेल्या मुलीला अवघड नाही. पण जूनमध्ये नीट हुकल्यावर नर्सिंगचा विचार करणाऱ्या मुलीला कळतं की परीक्षा होऊन गेली. औषधनिर्माणशास्त्रासाठीच्या एमएचटी-सीईटीचंही तसंच. हे फॉर्म बारावीच्या वर्षातच, जानेवारीच्या सुमारास, नीटच्या फॉर्मबरोबर भरायचे. ‘आधीपासून हार मानायची का’ असा प्रश्न घरात येतो आणि फॉर्म राहून जातो.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांमधल्या बीपीएमटीचे, म्हणजे पॅरामेडिकल तंत्रज्ञानाच्या पदवीचे प्रवेश बारावीच्या भौतिक, रसायन, जीवशास्त्राच्या गुणांवर होत आले आहेत. इथं बारावीची टक्केवारी कामाला येते, आणि नीटच्या नादात बोर्डाकडं दुर्लक्ष केलेल्या मुलांना ती इथं नडते. मिरजेत किंवा साताऱ्यात यंदा कोणत्या शाखा आणि किती जागा आहेत हे कॉलेजच्या विद्यार्थी विभागात जाऊन विचारावं, एजंटाला नाही. आणखी एक गोष्ट तिथंच स्पष्ट करून घ्यावी. पॅरामेडिकलच्या पदवीवरून एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश असा कुठलाही मार्ग नाही. तसं सांगणारा माणूस खोटं बोलतो आहे.

कोर्स घेऊन त्याच्याबरोबर गुपचूप नीटची तयारी, हा मार्ग सगळ्यात जास्त विचारला जातो. नर्सिंग आणि फिजिओथेरपीला तो जमत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. नर्सिंगला परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी मिळण्याआधी क्लिनिकलची हजेरी पूर्ण १०० टक्के भरावी लागते. वॉर्डातल्या पोस्टिंगहून आलेली मुलगी संध्याकाळी भौतिकशास्त्राची गणितं किती करणार? दोन्हीकडं अर्धवट राहतं. पुढच्या वर्षी कोर्स सोडायचा झाला तर उरलेल्या फीचा आणि अडकवून ठेवलेल्या मूळ कागदपत्रांचा वाद उभा राहतो. घ्यायचा तर कोर्स मन लावून घ्यावा, नाहीतर सरळ वर्ष द्यावं.

आता पॅरामेडिकल निवडायचं कसं. २०२१ च्या राष्ट्रीय कायद्यानं या क्षेत्राला पहिल्यांदा चौकट दिली. त्यात दोन पायऱ्या आहेत. संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी किमान दोन हजार तासांचं, दोन ते चार वर्षांचं शिक्षण. आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३६०० तासांचं, तीन ते सहा वर्षांचं शिक्षण. सहा महिन्यांत ‘ओटी टेक्निशियन’ करून देणारी जी पाटी आपल्या एसटी स्टँडसमोर दिसते ती या दोन्हींत बसत नाही. २०२५ पासून आरोग्याशी संबंधित अभ्यासक्रम ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीनं चालवायलाही यूजीसीनं मनाई केली आहे. तेव्हा पहिला प्रश्न: पदवी कोणत्या विद्यापीठाची आणि नोंदणी कोणत्या परिषदेकडं होणार? उत्तर लेखी मिळत नसेल तर तिथून उठावं.

दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शिकायला रुग्ण किती मिळणार? डायलिसिसचं उदाहरण घेऊ. एक डायलिसिस साधारण चार तास चालतं, बहुतेक रुग्णांना ते आठवड्यातून दोन-तीनदा लागतं. मशिनला जोडण्याआधी तंत्रज्ञ रक्त गाळणारा डायलायझर आणि नळ्या सलाइननं धुऊन त्यातली हवा काढतो, हातावरच्या फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेनं जोडून तयार केलेल्या रक्तवाहिनीत, दोन सुया घालतो, रुग्णाचं आजचं वजन आणि कोरडं वजन, म्हणजे अंगात साचलेलं पाणी वगळून असायला हवं ते वजन, पाहून किती पाणी काढायचं ते डॉक्टरांच्या सूचनेनुसार लावतो. मिनिटाला ५०० मिलीलीटर द्रावण फिरतं, म्हणजे चार तासांत १२० लीटर. एवढं पाणी रुग्णाच्या रक्ताशेजारून, एका पातळ पडद्यापलीकडून वाहतं, म्हणून आरओ प्लांटमधलं क्लोरिन रोज तपासणं हेही त्याचंच काम. मध्येच रक्तदाब कोसळतो, पायात गोळे येतात, सुई निसटते. हे हात बसल्याशिवाय येत नाही.

आता समजा एका कॉलेजच्या वर्गात ३० मुलं आहेत आणि संलग्न रुग्णालयात सहा मशिन आहेत. दिवसाला तीन पाळ्या धरल्या तर १८ रुग्ण जोडले जातात. महिन्याचे २५ दिवस धरले तर ४५० वेळा. प्रत्येक रुग्ण विद्यार्थ्यानंच जोडला असं मानलं तरी एका मुलाच्या वाट्याला महिन्याला १५. प्रत्यक्षात फिस्टुला म्हणजे रुग्णाचा जीवनमार्ग, तो शिकाऊ मुलाच्या हातात सहज देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. म्हणजे हातात येणार महिन्याला तीन-चार. मशिन दोनच असतील तर मुलं भिंतीला टेकून बघत उभी राहतात आणि पदवी घेऊन बाहेर पडतात. मुलाखतीला गेल्यावर पहिल्याच दिवशी हे उघडं पडतं.

म्हणून प्रवेशाआधी इमारत, एसी लॅब, बसची सोय पाहू नये. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याची लॉगबुक पाहायला मागावी. त्यात ‘निरीक्षण केलं’ आणि ‘स्वतः केलं’ असे वेगळे रकाने असतात. दुसरा रकाना रिकामा किंवा एकाच शाईत एका दिवशी भरलेला दिसला तर समजावं. रुग्णालय कॉलेजचं स्वतःचं आहे की करारावर, मुलं रोज तिथं जातात की आठवड्यातून एकदा, इंटर्नशिप कुठं आणि विद्यावेतन मिळतं का, हे त्या मुलांनाच कॅन्टीनमध्ये विचारावं. या बाबतीत आपला भाग भाग्यवान आहे. मिरज हे शंभराहून जास्त वर्षं रुग्णालयांचं गाव आहे, डॉ. वानलेस यांनी तिथं १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं. कराडला, सांगलीला, साताऱ्याला शिकवणारी मोठी रुग्णालयं आहेत. रुग्ण इथं कमी नाहीत, ते आपल्या मुलाच्या कॉलेजच्या वाट्याला येतात का एवढंच तपासायचं.

तिसरा प्रश्न, ही पदवी घेतल्यावर स्वतःच्या सहीनं काय करता येईल? फिजिओथेरपिस्ट स्वतःचा दवाखाना थाटू शकतो. ऑप्टोमेट्रिस्ट नंबर तपासून चष्मा देऊ शकतो. लॅब तंत्रज्ञानाच्या पदवीकडं मात्र आपल्याकडं ‘गावात लॅब टाकेल’ म्हणून पाहतात. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे की लॅबच्या अहवालावर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. तंत्रज्ञ चाचणी करतो, अहवाल त्याच्या एकट्याच्या सहीनं जाऊ शकत नाही. ज्याला स्वतःचा धंदाच करायचा आहे त्यानं हे प्रवेशाआधी जाणून घ्यावं. रेडिओलॉजी, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस या शाखा रुग्णालयातल्या टीमच्या आहेत, तिथं नोकरी, पाळ्या आणि रात्रीच्या ड्युट्या असतात. त्यात कमीपणा काही नाही, पण मुलाचा स्वभाव कुठला आहे ते पाहायला हवं. मुलांना निदान दोन तास एखाद्या ओळखीच्या रुग्णालयात त्या विभागात बसवून आणावं. रक्त पाहून चक्कर येते की नाही हे तरी कळतं.

पुन्हा प्रयत्न करणाऱ्यांच्या कागदांबद्दल थोडं. खंड पडलेल्या वर्षाचं प्रतिज्ञापत्र प्रवेशावेळी लागतं. नॉन-क्रीमीलेअरची मुदत मार्चअखेर संपते, मागच्या वर्षीचं प्रमाणपत्र घेऊन रिपीटर येतात आणि राखीव जागा हातची जाते. गुण सुधारायला म्हणून दुसऱ्या राज्यातून बारावी पुन्हा द्यायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी दहावी आणि बारावी, साधारणपणे दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागतात. जत, मिरज पट्ट्यातल्या, कर्नाटकात शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी तर हे अकरावीलाच पाहायला हवं. सीमाभागातल्या मुलांसाठी वेगळी तरतूद आहे, पण तिच्या अटी वेगळ्या आहेत.

तिसऱ्या प्रयत्नाबद्दल मी कडक आहे. नीटला वयाची वरची मर्यादा नाही, प्रयत्नांची मर्यादा नाही. म्हणून थांबायचं कुठं हे घरानंच ठरवावं लागतं, आणि ते पहिल्या रिपीटच्या आधी, जूनमध्येच, मुलासमोर ठरवावं. दुसऱ्या प्रयत्नात रँकमधलं अंतर निम्म्यानं तरी कमी झालं नसेल तर तिसरं वर्ष देऊ नये. तीन वर्षं मूल एका खोलीत एकाच पुस्तकांशी झगडतं, त्याच्या बरोबरीची मुलं पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतात, हे ओझं गुणांच्या तक्त्यात दिसत नाही, पण ते खरं असतं.

तासगावच्या त्या मुलीला ३१ पैकी सहाच प्रश्न सुटले असं समजा. मी तिच्या आईवडिलांना सांगेन, फिजिओथेरपीसह सगळ्या पदव्यांसाठी नोंदणी करा, बारावीचे गुण चांगले असतील तर बीपीएमटीचा अर्ज मिरज आणि सातारा दोन्हीकडं टाका, आणि जुलैत क्लासची पूर्ण फी भरू नका. सोळा सुटले असते तर सांगितलं असतं, नोंदणी तरीही करा, पण वर्ष द्या, आणि भौतिकशास्त्रासाठी मोठ्या बॅचऐवजी शंका सोडवणारा माणूस शोधा.

राहिली व्यवस्थेची बाजू. कनिष्ठ महाविद्यालयांनी डिसेंबरमध्ये बारावीच्या प्रत्येक जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला नीट, नर्सिंग सीईटी आणि एमएचटी-सीईटी या तिन्हींच्या तारखांचा एक कागद हातात द्यायला हवा. हे करायला कुठल्याही शासननिर्णयाची गरज नाही. नर्सिंग सीईटीच्या नोंदणीची एक खिडकी नीटच्या निकालानंतर उघडावी, ही मागणी मात्र पालकांनी आणि प्राचार्यांनी सीईटी कक्षाकडं लावून धरावी. आणि बीपीएमटीच्या प्रत्येक शाखेला संलग्न रुग्णालयात किती यंत्रं आहेत, दिवसाला किती रुग्ण येतात आणि एका तुकडीत किती विद्यार्थी आहेत, हे तीन आकडे प्रवेशाच्या जाहिरातीतच छापणं कॉलेजांना बंधनकारक करावं.